पुस्तकं वि. वजन, नोंद ४: ०.८५ चा ०.९८ झाला आणि माझी झोप उडाली

मागच्या नोंदीत सात पुस्तकं वजनकाट्यावर चढवून झाली होती आणि स्कॅटर प्लॉटवर ठिपके बसले होते. आडव्या अक्षावर पृष्ठसंख्या (पानं नाही, पृष्ठं, यावरून मागे झालेला घोळ आठवत असेलच), उभ्या अक्षावर ग्रॅम. आता ट्रेंडलाइन टाकून दोन ओळी लिहायच्या आणि प्रोजेक्ट मिटवायचा, असा साधा बेत होता. चार संध्याकाळी गेल्या.

आधी आकडे, म्हणजे कुणाला पडताळायचे असतील तर हाताशी राहतील:

```
pages  <- c(96, 144, 192, 240, 288, 336, 384)
weight <- c(130, 150, 260, 215, 340, 300, 460)
```

स्प्रेडशीटनं चार्टवर छापलं: `y = 1.0193x + 20.357`, `R² = 0.8501`. वाचायला छान. चढ म्हणजे दर जादा पृष्ठामागे सरासरी १.०२ ग्रॅम. इंटरसेप्ट २० ग्रॅम, म्हणजे पृष्ठं शून्य असतानाचं वजन. मी लगेच टाळी वाजवली: हे तर मुखपृष्ठाचं वजन! वहीत तसं लिहूनही टाकलं.

इथे माझ्या प्रोजेक्टच्या जोडीदारानं नाक खुपसलं. "शून्य पृष्ठांचं पुस्तक म्हणजे पुस्तकच नाही. वजनही शून्यच हवं. रेषा शून्यातून ने की!" ट्रेंडलाइनच्या खिडकीत इंटरसेप्ट शून्य करायची चौकट असतेच. पण चार्टवरच्या आकड्यावर माझा आधीपासून विश्वास कमी, म्हणून मी R या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये गेले:

```
summary(lm(weight ~ pages))
summary(lm(weight ~ pages - 1))
```

पहिल्यात `Multiple R-squared` ०.८५०१. दुसऱ्यात ०.९७८६. जोडीदार खूश. मी मात्र अस्वस्थ, कारण रेषेला इंटरसेप्टची मोकळीक असताना ती ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळ जाते. ती मोकळीक काढून घेतल्यावर ती आणखी जवळ कशी जाईल? फार तर तेवढीच राहील.

दोन संध्याकाळी मी आकडे चुकलेत असं समजून पुन्हा पुन्हा टाइप केले. तिसऱ्या दिवशी सगळं बाजूला ठेवून हातानं वर्ग काढायला बसले, आणि तिथे उलगडा झाला.

R² म्हणजे एक तुलना. आधी असं समजा की आपल्याला पृष्ठसंख्या माहीतच नाही. मग प्रत्येक पुस्तकासाठी सगळ्यांची सरासरी, म्हणजे २६५ ग्रॅम, हाच अंदाज द्यावा लागेल. त्यातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज येते ७८,८५०. रेषेवरून अंदाज दिला की तीच बेरीज ११,८१८ वर येते. चुकीतला ८५ टक्के भाग रेषेनं खाल्ला, म्हणून ०.८५. एवढंच त्याचं म्हणणं. ८५ टक्के पुस्तकांचं वजन बरोबर आलं असा त्याचा अर्थ नाही (हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, कबूल).

शून्यातून जाणाऱ्या रेषेच्या चुकांची बेरीज किती? १२,२१८. म्हणजे रेषा खरोखर बिघडली होती. पण इंटरसेप्ट काढला की R तुलनाच बदलतो: आता समोरचा भिडू 'सरासरी २६५' नसतो, 'प्रत्येक पुस्तकाचं वजन शून्य' असतो. त्या अंदाजाच्या चुकांची बेरीज ५,७०,४२५. एवढ्या मठ्ठ भिडूसमोर कुणीही हुशार दिसेल! १२,२१८ भागिले ५,७०,४२५, ते एकातून वजा, आला ०.९७८६. जुन्याच भिडूशी तुलना केली तर ०.८४५ येतो. म्हणून हे दोन R² एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. रेषा बदलली की आधी चुकांची बेरीज बघायची. R हा बदल निकालात ठळकपणे सांगत नाही, ही माझी त्याच्यावरची जुनी तक्रार.

जोडीदाराला कागद दाखवला. तो म्हणाला, "पण मग तुझं मुखपृष्ठ?" चपराक योग्य होती. त्याच निकालात इंटरसेप्टच्या शेजारी `Std. Error` ४९.५ आहे. वीस ग्रॅम, अधिक-उणे पन्नास. आमचं सगळ्यात बारकं पुस्तक ९६ पृष्ठांचं. तिथून शून्यापर्यंत रेषा ठिपक्यांविना हवेत लांबवलेली. मुखपृष्ठाचं वाक्य खोडलं.

मग उरलेला १५ टक्के कुठला? रेसिड्युअल प्लॉट काढला आणि हसूच आलं. ९६, १९२, २८८, ३८४ पृष्ठांची पुस्तकं रेषेच्या वर, १४४, २४०, ३३६ ची खाली. कपाटापाशी गेले: वरची चारही मोठ्या आकाराची, खालची तिन्ही छोटी. प्लॉटवर दोन रांगा पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. मीच नुसती रेषा बघत होते.

म्हणून ठरवलं की दोन गटांच्या दोन रेषा काढायच्या. मोठ्यांचा चढ १.११, छोट्यांचा ०.७८, दोन्हींचा R² ०.९९ च्या वर. पण छोट्यांत ठिपके तीनच. दोन ठिपक्यांतून जाणाऱ्या रेषेचा R² तर कायम १ असतो, तेव्हा तिनांवरच्या ०.९९ चा तोरा मिरवण्यात अर्थ नाही.

हे लिहितानाच सुचलं, म्हणून नोंद अर्धवट सोडून पट्टी आणली. पृष्ठं मोजायचीच कशाला, कागदाचं क्षेत्रफळच आडव्या अक्षावर घ्यावं! मोठं पुस्तक २१.६ × १३.८ सेंमी, म्हणजे एक पान ०.०२९८ चौरस मीटर. छोटं १८.२ × १२.२, म्हणजे ०.०२२२. पृष्ठांच्या निम्मी पानं गुणिले हे क्षेत्रफळ. आता चढाचं एकक ग्रॅम प्रति चौरस मीटर होतं, म्हणजे कागदाच्या रिमवर छापतात तो जीएसएम!

सातही ठिपके एकाच रेषेवर आले. चढ ७४.९. छपाईच्या कागदाला शोभणारा आकडा, आणि तो पट्टी-काट्यातून निघाला. R² ०.९९२, आणि या वेळी तुलना सरासरीशीच. चुकांच्या वर्गांची बेरीज ११,८१८ वरून साधारण ६४० वर. इंटरसेप्ट २६, अधिक-उणे ११. मुखपृष्ठाचं वाक्य परत आणायचा मोह होतोय, पण गोंद आणि लॅमिनेशनही त्यातच असणार, तेव्हा 'मुखपृष्ठ वगैरे' एवढंच.

काट्याबद्दल एक रड: तो पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो, त्यामुळे दशांशात बोलायची सोय नाही.

रात्री आठवं पुस्तक काढलं, मोठ्या आकाराचं, २७२ पृष्ठं. वजन करण्याआधी अंदाज पेन्सिलीनं लिहिला: ३३०. काटा म्हणाला ३३५. जोडीदार आता पुठ्ठा बांधणीचा जाडजूड ग्रंथ घेऊन येतो म्हणतोय. त्याला सांगितलंय, तो ठिपका वेगळ्या रंगात टाकू, रेषेत मिसळायचा नाही.