आधी वेलांटी, मग अक्षर

रामबागेतल्या मावशीला अण्णांच्या आठवणींची पुस्तिका फोनवर वाचायची होती. पीडीएफ होतीच, पण ते पान मुठीएवढ्या पडद्यावर उघडलं की मुंग्यांची रांग. चिमटीनं मोठं केलं की ओळ उजवीकडे पळते. "इपब करून दे, अक्षर मोठं होतं म्हणे त्यात," असं फर्मान आलं.

दुपारी मजकूर काढून पाहिला तर 'किती'चं 'िकती' आणि 'वर्ष'चं 'वषर्' झालेलं. हसूच आलं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या छापखान्यात कंपोझिटर काका असेच खिळे जुळवायचे: आधी ह्रस्व वेलांटी, मग क. कागदावर डावीकडे जे दिसतं ते आधी. ही पीडीएफही तशीच. कुठली खूण पानावर कुठे बसवायची, एवढंच तिला ठाऊक. शब्द आणि परिच्छेद तिच्या गावीही नसतात.

तरी नशीब, मजकूर युनिकोडचा निघाला. जुना फॉन्ट असता, तर कॉपी करून चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला आला असता, मग फॉन्ट कन्व्हर्टर नाहीतर पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखणारं ओसीआर.

वेलांटीवर इलाज आहे, शोधा-बदला रेगेक्स मोडमध्ये ठेवून. वेलांटीपुढचं व्यंजन, जोडाक्षर असेल तर ते अख्खं, शोधायचं आणि वेलांटी त्याच्यामागे न्यायची:

```
शोधा: ि((?:[क-ह]्)*[क-ह])
बदला: \1ि
```

'िस्थती'ची 'स्थिती' होते. मात्र हे एकदाच चालवायचं. दुसऱ्यांदा चालवलं तर शहाणी झालेली 'किती' पुढे सरकून 'कतिी' होते. रफाराचं इतकं सोपं नाही. मराठी शब्द सहसा 'र्'वर संपत नाही, म्हणून शब्दाच्या टोकाचे लगेच सापडतात. मधले डोळ्यांनीच वेचायचे.

मग तुटक्या ओळी. इपब बनवणाऱ्या कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफसाठी ओळी जोडण्याचा एक आकडा असतो, मुळात 0.45. ओळ बऱ्यापैकी लांब आहे आणि शेवटी पूर्णविराम नाही, म्हणजे वाक्य पुढे चालू आहे, असं धरून कॅलिबर ती पुढच्या ओळीला जोडतं. गद्याला हे छान. पण अण्णांनी मध्येच टाकलेल्या ओव्या गद्यासारख्या सलग वाहू लागल्या. त्या हातानं तोडल्या, प्रत्येक ओळीला `<br/>`. पानाच्या डोक्यावरचं नाव आणि तळचा आकडा तर दर पानाला वाक्याच्या पोटात घुसलेले. तेही काढले.

संध्याकाळी मावशीनं अक्षर हवं तेवढं मोठं केलं, दोन पानं वाचली आणि विचारलं, "अरे, बाराव्या पानावर तुझ्या आईचं नाव होतं, ते बारावं पान कुठंय?"

आता अक्षर मोठं केलं की पानंही वाढतात, हे मावशीला कोण सांगणार! छापील पानांच्या खुणा इपबमध्ये घालता येतात, पण तिच्या ॲपमध्ये त्या दिसतील याची खात्री नाही. "नाव शोधून देतो," म्हटलं. "शोधायला कशाला हवं," ती म्हणाली, "बारावंच आहे."