फॉर्म १६ मध्ये फरक शून्य, तरी मला २७ हजार भरावे लागले

गोष्ट आर्थिक वर्ष २०२४-२५ ची आहे. मी जळगावला राहते. जुलै २०२४ पर्यंत इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत होते, महिना ६० हजार ग्रॉस, आणि ऑगस्टपासून पुण्याच्या कंपनीत नोकरी घेतली, काम घरूनच, ग्रॉस महिना १ लाख. नोकरी बदलताना जेवढं लक्ष पगाराच्या आकड्याकडे असतं तेवढं टॅक्सकडे कोणाचं असतं, माझंही नव्हतं.

जून २०२५ च्या मध्यावर पुण्याच्या एचआरचा मेल आला, फॉर्म १६ जोडलाय, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा दाखला. पहिल्यांदाच मन लावून वाचला कारण पहिल्यांदाच माझा टॅक्स कापला गेला होता. यात दोन भाग असतात. पार्ट ए हा ट्रेसेस या सरकारी साइटवरून निघतो, त्यात कंपनीचा टॅन म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, तुमचा पॅन, कधीपासून कधीपर्यंत नोकरी, आणि तिमाहीनुसार तीन आकडे, पगार किती दिला, टॅक्स किती कापला आणि सरकारकडे किती भरला. माझ्यात जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत २ लाख पगार आणि ५,८५० टॅक्स, मग पुढच्या दोन्ही तिमाहींत ३-३ लाख आणि ८,७७५-८,७७५. बेरीज ८ लाख आणि २३,४००. कापलेला आणि भरलेला आकडा सारखा. त्याच्या खाली चलनांची यादी होती आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक चलनासमोर F, म्हणजे फायनल, बँकेकडच्या नोंदीशी जुळलंय. तिथे U असतं तर जुळलेलं नाही, म्हणजे कंपनीला विचारावं लागतं. सॅलरी स्लिपवरही दर महिन्याला २,९२५ टीडीएस, म्हणजे कापलेला टॅक्स, दिसत होता, आठ महिन्यांचे बरोबर २३,४००. मी २६ एएस, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं सरकारी पान, तेही उघडून बघितलं, तिथेही तेच.

मग पार्ट बी, म्हणजे कंपनीने टॅक्स कसा काढला त्याचा हिशोब. ग्रॉस ८,००,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट, ७५,००० वजा, करपात्र ७,२५,०००. नवीन रिजीम, म्हणजे कमी दर पण बहुतेक वजावटी नाहीत अशी करपद्धत, तिच्यात त्या वर्षी ३ लाखापर्यंत शून्य, ३ ते ७ लाख ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि वरच्या २५ हजारावर १० टक्के म्हणजे २,५००. झाले २२,५००, त्यावर ४ टक्के सेस ९००, एकूण २३,४००. प्रोफेशनल टॅक्सच्या ओळीत शून्य बघून जरा चरफडले, दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, पण नवीन रिजीममध्ये त्याची वजावट मिळत नाही, म्हणून ते शून्य बरोबरच होतं. देणं २३,४००, कापले २३,४००. मी कॅल्क्युलेटर बंद केलं, मनात म्हटलं रिटर्न काय पाच मिनिटांचं काम, बघू आरामात.

जुलैत आषाढीला आमचे आप्पा आले. माझे चुलते, चाळीसगावचे, आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशोब बघितलेला माणूस, मुक्ताईनगरला दर्शनाला जायचं म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला. साबुदाण्याची खिचडी खाताखाता विचारलं, रिटर्न भरलं का गं. मी ऐटीत म्हटलं, भरायचंय, पण काही देणं नाही आप्पा, सगळं जुळतंय, आणि मोबाइलवर पीडीएफ दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पार्ट ए बघितलाच नाही, सरळ पार्ट बीवर गेले आणि पहिल्याच चौकटीत एका ओळीवर अंगठा ठेवून दोन बोटांनी ती मोठी केली. १(ई) अशी ओळ आहे ती, दुसऱ्या मालकाकडून मिळालेला आणि कर्मचाऱ्याने कळवलेला पगार. तिथे ०.०० होतं.

म्हणाले, "कागद बरोबर शे माय, पन अर्धाच शे. पयलेनी कंपनीना पगार कोठे शे येम्हा?"

मी म्हटलं अहो आप्पा त्यांनी तर एक रुपयाही टॅक्स कापला नाही. तर म्हणाले कापला नाही म्हणजे लागत नाही असं कुठे लिहिलंय.

आता हे मला समजायला अर्धा तास लागला म्हणून सविस्तर लिहिते. जळगावच्या कंपनीने एप्रिलमध्ये धरलं की ही वर्षभर इथेच राहणार, ६० हजार गुणिले १२ म्हणजे ७,२०,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे तेव्हाचे ५० हजार गेले की ६,७०,०००, ते ७५ हजार झाले नंतर जुलैच्या बजेटमध्ये. त्या वर्षी करपात्र उत्पन्न ७ लाखापर्यंत असेल तर ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य व्हायचा. म्हणून त्यांनी काही कापलं नाही, आणि त्यांचं काही चुकलंही नाही. पुण्याच्या कंपनीने त्यांच्याकडचे आठ महिने धरले, त्यांचंही गणित बरोबर. पण ३ लाखाचा शून्याचा टप्पा, ५ टक्क्यांचा टप्पा आणि ७५ हजारांचं डिडक्शन हे माणसाला वर्षातून एकदा मिळतं, कंपनीगणिक नाही. दोघींनी मला नव्याने सुरुवात करून दिली होती आणि मी दोन्हीकडे खूश.

आप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडायला लावलं. जुन्या कंपनीकडून मी मागून मागून फक्त पार्ट बी मिळवला होता, टॅक्स कापलाच नाही तर पार्ट ए कशाचा निघणार. त्यात ग्रॉस २,४०,०००, स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००, करपात्र १,६५,०००. मी पटकन दोन्ही कागदांच्या करपात्रच्या ओळी जोडल्या, १,६५,००० अधिक ७,२५,०००, झाले ८,९०,०००. आप्पा हसले. इथे ७५ हजार दोनदा वजा झाले होते आणि मी तसंच रिटर्न भरलं असतं तर ७,८०० रुपये कमी भरून वर नोटीस ओढवून घेतली असती. जोडायच्या त्या ग्रॉसच्या ओळी, वरच्या. २,४०,००० आणि ८,००,००० मिळून १०,४०,०००, त्यातून एकदाच ७५,०००, करपात्र ९,६५,०००. टॅक्स ७ लाखापर्यंत २०,०००, वरच्या २,६५,००० वर १० टक्के २६,५००, झाले ४६,५००, सेस १,८६०, एकूण ४८,३६०. कापले गेलेले २३,४००. बाकी २४,९६०.

हा आकडा पडताळायची आप्पांची युक्ती मला फार आवडली. पुण्याच्या हिशोबात मी आधीच १० टक्क्यांच्या टप्प्यात पोचले होते, म्हणून जळगावचे सगळे २,४०,००० त्याच टप्प्यात बसणार, २४,००० आणि त्यावर सेस ९६०. बरोबर २४,९६०. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मग भांडायला जागा नाही.

मी म्हटलं जुनी रिजीम घेऊ का, एलआयसी पीपीएफ धरून दीड लाख होतात माझे. तेही करून बघितलं, घर स्वतःचं त्यामुळे एचआरए म्हणजे घरभाड्याची सूट नाही, टॅक्स आला ८३,२००. गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला फोन केला की तुम्ही कमी कापलात, आता दुरुस्त करून द्या. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, मॅडम मार्च संपलाय, आता कापायला पगारच नाही, आणि तुम्ही जॉइन होताना फॉर्म १२बी दिला नव्हता. मला आठवेना, तिने स्कॅन पाठवला. जॉइनिंगच्या त्या ढीगभर कागदांत १२बी होता, आणि माझ्याच अक्षरात आडवं लिहिलेलं, 'लागू नाही'. तो जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला कळवायचा फॉर्म असतो. दिला असता तर ती १(ई) ची ओळ भरली असती आणि महिन्याला २,९२५ ऐवजी ६,०४५ कापले गेले असते. हातात कमी आले असते पण पुढचं व्याज वाचलं असतं.

हो, व्याज. देणं १० हजारांच्या वर गेलं की तुम्ही अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायला हवा होता असं खातं धरतं, नोकरदार असला तरी. २३४बी खाली १ एप्रिलपासून भरेपर्यंत महिन्याला १ टक्का, महिना अर्धवट असला तरी पूर्ण मोजतात, मी जुलैत भरले म्हणून चार महिन्यांचे ९९६. शिवाय २३४सी, जून सप्टेंबर डिसेंबर मार्च असे चार हप्ते चुकवल्याचं, ते १,२५७. त्या वर्षी रिटर्नची मुदत वाढवून १५ सप्टेंबर केली होती, तर ऑफिसातल्या एकीने सांगितलं थांब गं निवांत भर, पण मुदत रिटर्नची वाढली होती, २३४बी चं मीटर चालूच होतं, दर महिन्याला अडीचशेच्या आसपास पडलेच असते.

पोर्टलवर रिटर्न उघडलं तर आधीच भरून आलेल्या माहितीत फक्त पुण्याचाच पगार, आणि खाली देणं शून्य. तसंच पुढे पुढे दाबत गेले असते तर माझी चूक पोर्टलने पण पकडली नसती, निदान त्या दिवशी तरी. ग्रॉस पगाराचा आकडा हाताने बदलून १०,४०,००० केला, आणि लगेच खाली लाल अक्षरात २७,२१० आले. `e-Pay Tax` मध्ये जाऊन असेसमेंट इयर 2025-26 आणि प्रकार `Self-Assessment Tax (300)` निवडला. इथे वर्ष दोनदा बघितलं, कारण २०२४-२५ चं उत्पन्न असेसमेंट इयर २०२५-२६ मध्ये येतं आणि चुकीच्या वर्षात गेलेले पैसे दुरुस्त करून घेणं म्हणजे वेगळीच वारी. पैसे भरले, चलनावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन नंबर रिटर्नमध्ये टाकला, देणं शून्य झालं, सबमिट केलं, आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं.

काही आठवड्यांनी १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्याचं खात्याचं पत्र, आली. दोन रकाने असतात त्यात, तुम्ही सांगितलेलं आणि खात्याने मोजलेलं. दोन्हीकडे ९,६५,००० आणि दोन्हीकडे तोच टॅक्स. मी त्या पानाचा फोटो आप्पांना टाकला. संध्याकाळी त्यांचा फोन, पहिलाच प्रश्न, "या कंपनीले आते १२बी देवानं काम नही ना पडनं?" म्हटलं नाही आप्पा, यंदा पूर्ण वर्ष इथेच आहे.