रंकाळा ते वाघबीळ आणि परत: ३२ किलोमीटर, १५० ग्रॅम कार्ब

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या रंकाळ्यावरून वाघबीळला जाणाऱ्या याच रस्त्यावर २७व्या किलोमीटरला मी बॉन्क झालो होतो, म्हणजे अंगातली साखर संपून गळालो होतो. केर्ली मागे टाकलं आणि पाय जड झाले. दुखत काही नव्हतं. श्वास शांत होता, घड्याळात हृदयाचे ठोकेही नेहमीपेक्षा कमीच दिसत होते, पण किलोमीटरला सहा मिनिटं वीस सेकंदांचा पेस आठ मिनिटांवर गेला. कपाळावर गार घाम आला, डोकं हलकं झालं आणि कुणी बोललं तरी राग यायला लागला. सोबतच्या मित्राने त्याच्याकडचं जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, आणि पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटं चाललो, मग हळूहळू पळता यायला लागलं. साखर पोटात गेल्यावर इतक्या लवकर फरक पडला, त्यावरून कमी काय पडलं होतं ते कळलं. स्नायू दमले असते तर जेलने ते पंधरा मिनिटांत पुन्हा पळाले नसते.

मला मात्र ते पटत नव्हतं, कारण मी भरपूर खाल्लं होतं. साडेतीन तासांत चार केळी, सहा खजूर आणि एक जेल. केळ्याचे २७ ग्रॅम कार्ब, खजुराचे १८ आणि जेलचे २२ असे धरून बेरीज २३८ झाली होती, म्हणजे तासाला ६८ ग्रॅम. मित्राने शांतपणे विचारलं, "केळी कुठली होती?" मी म्हटलं, वेलची. "मग भावा, तू नग मोजलास. वजन कुठं केलंस?"

घरी येऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. वेलची केळं सोलल्यावर भरलं ५५ ग्रॅम. २७ ग्रॅम कार्ब असतं ते सोलून ११५-१२० ग्रॅम भरणाऱ्या मोठ्या केळ्यात. माझ्या केळ्यात जेमतेम साडेबारा होतं. १८ ग्रॅमचा आकडा मेदजूल जातीच्या मोठ्या खजुराचा आहे. आपल्याकडे डब्यात मिळणारा साधा ओला खजूर बी काढून ८ ग्रॅम भरला, म्हणजे कार्ब ६. पुन्हा बेरीज केली तर केळ्यांचे ५०, खजुराचे ३६ आणि जेलचे २२, एकूण १०८. तासाला ३१ ग्रॅम. जे खातोय असं वाटत होतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात पहिला घास खाल्ला होता सत्तराव्या मिनिटाला, भूक लागल्यावर.

तेव्हापासून मी एकच हिशोब पाठ केलाय: केळं पाव, खजूर पाऊण. सोललेल्या केळ्याच्या वजनाच्या पावपटीहून किंचित कमी कार्ब, आणि बी काढलेल्या खजुराच्या वजनाच्या पाऊणपट. यात थोडा चोथाही धरला जातो, पण रस्त्यावरच्या हिशोबाला एवढं पुरतं. जेलचा आकडा पाकिटावरच छापलेला असतो. फक्त तो अख्ख्या पाकिटाचा आहे की १०० ग्रॅमचा, हे नीट बघा. बहुतेक जेलमध्ये २० ते ३० ग्रॅम असतं. माझ्याकडच्यात २५ होतं.

या वेळी तासाला ५० ग्रॅम ठरवले. अडीच तासांपर्यंतच्या पळण्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम हा सर्वमान्य पल्ला आहे. त्याहून लांब पळताना सवय असलेले लोक ९० पर्यंत जातात, पण त्यासाठी साखर दोन प्रकारची लागते. आतड्यातून ग्लुकोज रक्तात जायची वाट तासाला साधारण ६० ग्रॅम पेलते, फ्रुक्टोजची वाट वेगळी असते. म्हणून ६० च्या पुढे नुसतं ग्लुकोज किंवा ग्लुकोजच्याच साखळ्यांचं माल्टोडेक्स्ट्रिन ओतलं तर ते पोटातच साचतं आणि मळमळतं. केळी आणि खजुरात दोन्ही साखरा असतात. ५० च्या बेताला या मिश्रणाची चिंता करायची गरज नव्हती. मला खरी गरज होती ती पोटाला सवय लावायची. म्हणून मधल्या दोन लाँग रनमध्ये आधी तासाला ३५ आणि मग ४५ ग्रॅम खाऊन बघितले.

आदल्या संध्याकाळी कपिलतीर्थ मंडईतून वेलची केळी आणली, सालीवर तपकिरी ठिपके आलेली. कच्चट केळ्यात स्टार्च जास्त असतो आणि तो पळताना पोटात दगडासारखा बसतो. पिकलेल्यात त्याची साखर झालेली असते. खजुराच्या बिया काढल्या, प्रत्येकाचे चार तुकडे केले, मीठ भुरभुरवून बटर पेपरात दोन-दोन खजुरांच्या पुड्या बांधल्या. सामान असं: तीन केळी म्हणजे ३९, सहा खजूर म्हणजे ३६, तीन जेल म्हणजे ७५, एकूण १५०. एक जेल जादा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या. केळी खिशात चिरडतात, म्हणून पळताना घालायच्या व्हेस्टच्या पुढच्या कप्प्यात उभी ठेवली.

दिवस मुद्दाम शनिवार निवडला. रविवार जोतिबाचा वार, त्या दिवशी पहाटेपासून या रस्त्यावर गर्दी असते. पावणेचारला दोन चपात्या गुळाशी आणि अर्धा कप चहा घेतला. त्यातून साधारण ६० ग्रॅम कार्ब मिळालं. पाच वाजून दहा मिनिटांनी रंकाळ्यावरून निघालो.

शिवाजी पुलावर पंचगंगेवरून येणारा गारठा बोटांना झोंबत होता. पूल ओलांडला की रत्नागिरीचा रस्ता. हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉल्या जातात आणि काहींना मागे दिवा नसतो. चमकणारं जॅकेट आणि लुकलुकणारा दिवा घ्याच, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने पळा. ट्रॉली आली की मी खाणं थांबवायचो. तोंडात घास आणि समोर ट्रॉली, असं नको.

विसाव्या मिनिटाला वडणगे फाट्याच्या आसपास पहिलं केळं. भूक अजिबात नव्हती, तरी खाल्लं. पहिल्या तासात पोट शांत असतं, म्हणून चावायच्या गोष्टी तेव्हाच उरकाव्यात. चाळिसाव्या मिनिटाला दुसरं केळं. पंचावन्नाव्याला पहिलं जेल आणि त्यावर मोजून सात-आठ मोठे घोट पाणी. घट्ट जेलला दीडशे ते दोनशे मिली पाणी लागतं. पाणी कमी पडलं तर पोट शरीरातलंच पाणी जेलकडे ओढून घेतं आणि मुरडा येतो. स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर जेल घेतलं तरी तेच होतं, कारण साखरेवर साखर चढते. पहिला तास: ५१ ग्रॅम.

केर्लीच्या पुढे उजाडलं. वाघबीळचा चढ लागायच्या आधी, एक तास वीस मिनिटांना, दुसरं जेल घेतलं. चढावर श्वास लागलेला असताना चावता येत नाही, आणि घास घशात अडकायची भीती असते. जेल मात्र एका दमात आत जातं. घड्याळात १६ किलोमीटर भरले तिथे वळलो. एका टपरीजवळ दोन मिनिटं चालत तिसरं केळं आणि दोन खजूर खाल्ले, दोन्ही बाटल्या भरून घेतल्या. दुसरा तास: ५० ग्रॅम.

परतीच्या उतारावर पाय मोकळे पळत होते. दोन तास दहा मिनिटांना तिसरं जेल. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

गडबड झाली ती दोन तास पस्तीस मिनिटांना. ऊन वर आलं होतं, तोंड कोरडं पडलं होतं आणि पाळी खजुराची होती. दोन खजूर चावायला मला जवळजवळ तीन मिनिटं लागली. दाताला चिकटलेले तुकडे जिभेने काढता काढता श्वासाची लय गेली. पुढे पोटात गुडगुड सुरू झाली. पाणी नीट प्यायलो, पेस वीस सेकंदांनी कमी केला, तेव्हा दहा मिनिटांत पोट शांत झालं. खजुरात दोष नाही. चोथा असलेला चिवट पदार्थ मी रनच्या शेवटी ठेवला, ही चूक. दोन तास पंचावन्नला उरलेले दोन खजूर खाल्ले, पण चालत, आधी चूळ भरून. तिसरा तास: ४९.

२७वा किलोमीटर आला तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो. पेस सहा-पंचवीस. डोकं जागेवर होतं. मित्राने ३×१७ किती विचारलं, लगेच सांगता आलं. मागच्या वेळी याच जागी मला स्वतःच्या रनची बेरीज जमत नव्हती. चिडचिड आणि साधा हिशोब न जमणं ही साखर उतरत असल्याची खूण असते. तेव्हाच जेल घेतलं तर रन वाचतो.

रंकाळ्यावर पोचलो तीन तास बावीस मिनिटांत. पूर्ण वेळेवर भागलं तर तासाला ४५ ग्रॅमच्या आसपास येतं, कारण शेवटच्या पंचवीस मिनिटांत काही खाल्लं नाही. संपायला पंधरा-वीस मिनिटं राहिली असताना खाल्लेलं त्या रनच्या कामी फारसं येत नाही. पूर्ण मॅरेथॉन असती तर मात्र खात राहावंच लागलं असतं.

खर्चाचंही सांगतो. एका जेलच्या पैशांत डझनभर केळी येतात, त्यामुळे दर आठवड्याला चार जेल उडवायची गरज नाही. पण शर्यतीत जे जेल घेणार, तेच निदान दोन-तीन लाँग रनमध्ये घेऊन बघा. काहींत कॅफीन असतं आणि ते प्रत्येकाच्या पोटाला मानवत नाही. मधुमेह असेल तर यातला एकही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि रिकामं पाकीट खिशात परत ठेवा. जेलचा चिकटा लागतो म्हणून मी चेनची छोटी पिशवी नेतो.

पुढच्या शनिवारी त्याच रस्त्यावर क्रम बदलणार आहे. पहिल्या तासात दोन केळी आणि चार खजूर. चढाआधी जेल, वळणावर चालत केळं आणि शेवटचे दोन खजूर. त्यानंतर फक्त जेल, दोन-दहाला आणि दोन-चाळीसला, प्रत्येकी पाण्यासकट. बेरीज तीच, १५०.