आधी आठशे, मग शंभर

‘ऑलिंपिक मूल्यं’ हा पाठ सातवीच्या वर्गासमोर नुसता वाचला की पुढे काय होतं, ते मला पाठ झालं आहे. फळ्यावर सर्वोत्कृष्टता, मैत्री आणि आदर हे तीन शब्द जातात, मुलं ते वहीत उतरवून घेतात. ‘यातून काय शिकलात?’ असं विचारलं की ‘जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं’ हे एकच उत्तर वर्गभर फिरतं. उत्तर चूक नसतं. पण ते द्यायला ऑलिंपिकचा इतिहास माहीत असण्याची गरजही नसते. म्हणून या वेळी मी जोडतास मागून घेतला आणि सगळा इतिहास बाजूला ठेवून त्यातली एकच वाट निवडली: ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना कोणती शर्यत केव्हा धावू दिली गेली.

वर्गाच्या लांब भिंतीवर सुतळी ताणली. प्रमाण धरलं एका वर्षाला 5 सेंटिमीटर. 1896 ते 2024 ही 128 वर्षं, म्हणजे 6 मीटर 40 सेंटिमीटर. दर दहा वर्षांवर रंगीत दोऱ्याची गाठ मारली. प्रमाणाचा आग्रह मी मुद्दाम धरते. नुसत्या क्रमाने कार्डं लावली की सगळ्या घटना सारख्या अंतरावर येतात आणि मधली रिकामी वर्षं दिसेनाशी होतात. एकाने लगेच विचारलं, प्राचीन ऑलिंपिकचं कार्ड कुठे लावायचं? त्यालाच हिशोब करायला सांगितला. इसवी सनपूर्व 776 ते 1896 यांची त्याने सरळ बेरीज केली. शून्य नावाचं वर्षच नसतं, म्हणून एक वजा कर, असं शेजारणीने सांगितल्यावर 2671 वर्षं आली. म्हणजे जवळजवळ 134 मीटर सुतळी! ते कार्ड शाळेच्या फाटकाबाहेर गेलं असतं. ते आम्ही मनातच लावलं आणि पुढे गेलो.

पाच-पाच जणांच्या गटांना सहा कार्डं दिली. प्रत्येकावर स्त्रियांची एकेक शर्यत होती: 100 मीटर, 200, 400, 800, 1500 आणि मॅरेथॉन. वर्ष कुठेच लिहिलेलं नव्हतं. काम एवढंच, की या शर्यती ऑलिंपिकमध्ये कोणत्या क्रमाने आल्या असतील ते ठरवायचं आणि कारण द्यायचं. सगळ्या गटांचा क्रम तोच आला, लहान अंतराकडून मोठ्याकडे. कारणही एकच: आधी सोपं देतात, जमलं की अवघड. याच उत्तराची मी वाट पाहत होते, कारण ते अगदी शहाणपणाचं आहे आणि तरीही चूक आहे.

मग वर्षं वाटली. 100 मीटर, 1928. 800 मीटर, तेही 1928. 200 मीटर, 1948. 400 मीटर, 1964. 1500 मीटर, 1972. मॅरेथॉन, 1984. कार्डं सुतळीवर चढू लागली तसा आवाज वाढला. 800 मीटरचं कार्ड 400च्या 36 वर्षं आधी कसं? एका मुलीला तर माझ्या टायपिंगमध्येच गडबड वाटली. तेव्हा मी सातवं कार्ड काढलं: ‘स्त्रियांची 800 मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये परत येते, 1960.’

परत येते, म्हणजे मध्ये गेली कुठे? हा प्रश्न मला विचारावा लागला नाही, मागच्या बाकावरून तो आधीच आला.

1928च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ॲथलेटिक्समध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तोही पाचच प्रकारांत. धावण्याच्या वैयक्तिक शर्यती दोनच, 100 आणि 800. त्या आधी स्त्रिया लांब धावतच नव्हत्या असं नाही. आलिस मिलिया या फ्रेंच बाईंच्या पुढाकाराने 1922 मध्ये पॅरिसला स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धा भरल्या होत्या, आणि त्यात 1000 मीटरची शर्यतही होती. ॲमस्टरडॅमनंतर मात्र 800 मीटर वगळली गेली. 1932 मध्ये स्त्रियांसाठी सगळ्यात लांब वैयक्तिक शर्यत उरली ती 100 मीटरची.

का, ते मी सांगितलं नाही. प्रत्येक गटाला दोन कागद दिले. पहिल्या कागदावर त्या काळच्या वृत्तान्ताचा मी माझ्या शब्दांत केलेला सारांश होता: अकरा जणी धावल्या, पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली, उरलेल्यांपैकी पाच रेषा ओलांडल्यावर कोसळल्या. दुसऱ्या कागदावर अंतिम फेरीचा निकाल होता. धावपटू नऊ. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. पहिली आली जर्मनीची लिना राडके, वेळ 2 मिनिटं 16.8 सेकंद, म्हणजे त्या वेळचा विश्वविक्रम. दुसरी जपानची किनुए हितोमी, तिसरी स्वीडनची इंगा गेंत्सेल.

दोन्ही कागद वाचून झाल्यावर फळ्यावर चर्चेचा पहिला प्रश्न लिहिला: ‘या दोन कागदांपैकी कोणावर विश्वास ठेवाल, आणि कशावरून?’ मूल्यांचं नाव अजून काढलंच नव्हतं. मुलं आधी आकडे जुळवायला लागली. अकरातून पाच गेल्या तर सहा उरतात, आणि निकालात तर नऊ नावं आहेत. शर्यत सोडणाऱ्याचं नाव निकालात क्रमांकासह येईल कसं? एकाने हळूच म्हटलं, ‘बाई, पेपरवाल्याने एकीला पडलेलं पाहिलं असेल आणि वाढवून लिहिलं असेल.’ हा अंदाज वाईट नव्हता. शर्यत संपल्यावर कोणी खाली पडलंच नाही, असं काही नाही. थकलेला धावपटू जमिनीवर पडतोच. रिले पळणाऱ्या आमच्या मुलाने आंतरशालेय स्पर्धेनंतरचं स्वतःचं वर्णन लगेच ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी आणखी दोन कार्डं लावली. 1908, लंडन: इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरतो, शेवटच्या टप्प्यात वारंवार पडतो, पंच त्याला हात देऊन रेषेपलीकडे नेतात. मदत घेतली म्हणून तो बाद होतो, पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा त्याला खास चषक देते. 1912, स्टॉकहोम: पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनमध्ये कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू होतो. हे दुसरं कार्ड या वयाच्या मुलांना द्यावं की नाही, याचा मी बराच विचार केला होता. दिलं ते एका कारणासाठी. दुसरा प्रश्न त्याच्याशिवाय उभाच राहत नव्हता: ‘यानंतर पुरुषांची मॅरेथॉन बंद झाली का?’

मुलांनी सुतळीकडे पाहिलं. मॅरेथॉन 1920 मध्ये होती, 1924 मध्ये होती, 1928 मध्येही होती. वर्ग काही क्षण नुसता एकमेकांकडे पाहत राहिला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

तिसरा प्रश्न त्या गदारोळातच टाकला: ‘आता तीन मूल्यं घ्या. 1928च्या या एका शर्यतीत कोणतं मूल्य कोणी पाळलं आणि कोणी मोडलं?’ यातली खुबी ‘कोणी’ या शब्दात आहे. तो नसला की मुलं मूल्यांबद्दल बोलतात, घटनेबद्दल नाही. सर्वोत्कृष्टता लगेच सापडली, विश्वविक्रम समोरच होता. मैत्रीसाठी मी निकालातल्या चौथ्या आणि पाचव्या नावाकडे बोट दाखवलं. दोघी कॅनडाच्या, जीन थॉम्पसन आणि बॉबी रोझेनफेल्ड. रोझेनफेल्ड त्या शर्यतीत मागून वेगाने आली, सतरा वर्षांची थॉम्पसन डळमळते आहे असं पाहून तिच्या बरोबरीने धावत राहिली, आणि तिला पुढे जाऊ देऊन स्वतः पाचवी आली, असं त्यांच्या संघाकडून सांगितलं गेलं. यावर वर्ग दुभंगला. काहींना ती खरी मैत्री वाटली. एका मुलीने ठाम विरोध केला: ‘जोर लावता येत असून लावला नाही, मग सर्वोत्कृष्टतेचं काय?’ मी मध्ये पडले नाही. तिचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही.

आदराच्या रकान्यात बहुतेकांनी निर्णय घेणाऱ्यांची नावनिशी काढली, पण एका गटाने आक्षेप घेतला तो इतिहासाच्या शिक्षिकेला सुखावणारा होता. ही तीन मूल्यं अशी एकत्र 1928 मध्ये लिहिलेली होती का? नव्हती, ही मांडणी बरीच नंतरची. मग आजच्या पट्टीने त्यांना मोजायचं का? म्हटलं, मोजू नका. एवढंच पाहा, की तेव्हाच्याच निकालाचा कागद त्यांच्या हाताशी होता.

मग रिकाम्या सुतळीकडे वळलो. 1928 ते 1960, म्हणजे 32 वर्षं, 160 सेंटिमीटर. त्या जागेत वर्गातली सगळ्यात उंच मुलगी आडवी मावली असती. एकाने इथे चांगली अडवणूक केली: 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक युद्धामुळे झालीच नाहीत, मग तेवढी वर्षं कशी धरायची? आम्ही पुन्हा मोजलं. 1932, 1936, 1948, 1952, 1956. शर्यत नाकारली गेली ती पाच ऑलिंपिकमध्ये. सुतळी वर्षं दाखवते, संधी नाही, म्हणून त्या पाच जागी लाल टिपके चिकटवले. दुसरीने विचारलं, या काळात बाया 800 धावायच्याच थांबल्या का? नाही. 1930 मध्ये प्रागला स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेत 800 मीटर होती. ते कार्ड सुतळीच्या खालच्या बाजूला लावलं, कारण ते ऑलिंपिकबाहेरचं. 1960 मध्ये रोमला सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला शेव्त्सोवाने ही शर्यत 2 मिनिटं 4.3 सेकंदांत जिंकली. राडकेच्या वेळेपेक्षा साडेबारा सेकंद कमी.

वर्ग संपताना लेखी उत्तरं घेतली. अट एकच: प्रत्येक विधानामागे सुतळीवरच्या किमान दोन कार्डांचा आधार द्यायचा. ‘स्त्रियांवर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर गुण नाहीत. ‘1912 नंतर मॅरेथॉन राहिली, 1928 नंतर 800 गेली’ असं लिहिलं की गुण. तीस-एक उत्तरांत चार-पाच जणांनी पहिल्या प्रकारचंच लिहिलं, बाकीच्यांनी कार्डं वापरली. नुसत्या फळ्यावरच्या पाठानंतर हे प्रमाण उलटं असतं.

बाहेर पडताना ॲथलेटिक्सच्या संघातली एक मुलगी थांबली. डेकॅथलॉनमध्ये पुरुषांना दहा प्रकार, स्त्रियांच्या हेप्टॅथलॉनमध्ये सात, असं का, म्हणाली. हेप्टॅथलॉन 1984 पासून आहे, आधी स्त्रियांना पाचच प्रकार होते, एवढं मी सांगितलं. स्त्रियांच्या डेकॅथलॉनच्या विश्वविक्रमाची नोंद होते, पण ऑलिंपिकमध्ये ती अजून नाही, हेही सांगितलं. ‘मग त्याचं कारण काय देतात?’ पुढच्या तासाला तिने ते शोधून आणायचं आहे, आणि दोन कागदांवर: कारण सांगणारा एक, निकालाचा एक.