नाव न घेता सुगंध सांगायचा कसा?

"ताई, माझं परफ्यूम त्या प्रसिद्ध परफ्यूमसारखंच आहे. त्याचं नाव न घेता गिऱ्हाइकाला कळेल असं काय लिहू?"

आधी बाटली दाखवा. बाटलीवर किंवा खोक्यावर त्या कंपनीचं नाव किंवा लोगो असेल, तर माझ्या शब्दांनी काही होणार नाही. तो नकली माल झाला, आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द बाजारात मालाचा दर्जा सांगायला वापरतात, पण तो खरं तर कबुलीजबाब आहे. असा माल आला की मी काम घेत नाही.

तुमचं नाव, तुमचा साचा, फक्त सुगंध ओळखीचा, असं असेल तर बोलू.

घरी परफ्यूम बनवणाऱ्या एका गृहस्थांनी मला मजकूर आणून दिला होता: "अमुकपासून प्रेरित. मूळ कंपनीशी आमचा काहीही संबंध नाही." दुसऱ्या वाक्यानं पहिलं धुऊन निघतं, अशी त्यांची समजूत होती. निघत नाही. संबंध नाही असं सांगायलाही नाव घ्यावंच लागतं, आणि गिऱ्हाईक थांबतं ते त्या नावापाशी.

युरोपात नेमकं यावरच भांडण झालं. लॉरिआलनं बेल्यूर आणि इतरांवर दावा लावला होता. ते स्वस्त परफ्यूम विकत आणि आपला कुठला सुगंध कुठल्या नामांकित परफ्यूमसारखा आहे, याची तुलनायादी दुकानदारांना देत. ही बाटली खरी आहे असं समजून कोणी फसत नव्हतं. तरीही 2009 मध्ये युरोपीय न्यायालयानं म्हटलं, की दुसऱ्याच्या नावलौकिकावर फुकट स्वार होणं हाच गैरफायदा आहे. निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण आपल्या कायद्याच्या कलम 29(8) मध्येही जाहिरातीतून ट्रेडमार्कचा 'गैरफायदा' घेण्याबद्दल जवळपास तीच भाषा आहे. म्हणून "आम्ही कोणाला फसवत नाही" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. (फोनच्या कव्हरवर "अमुक मॉडेलला बसतं" लिहिता येतं, कारण ते सांगितल्याशिवाय कव्हर विकताच येत नाही. परफ्यूमला तशी सबब नाही.)

मग त्या गृहस्थांना मी कागदाची पट्टी मागितली. फवारा मारला आणि दोघंही हुंगत बसलो. लगेच काय येतं? अननस, थोडं लिंबू. अर्ध्या तासानं? धूर, चामडं. संध्याकाळी मनगटावर काय उरतं? कस्तुरीसारखा गोडसर वास. त्यातून मजकूर झाला:

"सुरुवातीला पिकलेल्या अननसाचा आंबटगोड वास, मग लाकडाचा धूर आणि चामडं, शेवटी मऊ कस्तुरी. गोड फुलांचे वास नको असणाऱ्यांसाठी. आमचं स्वतःचं मिश्रण, आमच्याच नावानं."

ज्यांना तो नामांकित सुगंध माहीत आहे, ते 'अननस आणि धूर' वाचून ओळखतात. ज्यांना माहीत नाही, त्यांनाही काय मिळणार ते कळतं, आणि नाव लिहिलं असतं तर नेमकं तेच कळलं नसतं. 'कस्तुरी' हा सुगंधाचा प्रकार म्हणून लिहिलाय, खरी कस्तुरी असल्याचा आव आणू नका. 'ओरिजिनलसारखं', 'ओरिजिनलइतकंच टिकतं' हेही मी काढून टाकलं. कोणाच्या ओरिजिनलसारखं, हा प्रश्न उरतोच. टिकण्याबद्दल लिहायचं तर स्वतः घड्याळ लावून मोजलेले तास लिहा.

मजकूर साफ झाला तरी नाव दुसरीकडून आत शिरतं. या गृहस्थांनी ते शोधशब्दांत आणि हॅशटॅगमध्ये ठेवलं होतं. एका अक्षराचा फरक करून लिहिलेलं नावही चालत नाही, उलट त्यातून हेतू उघड होतो. खोक्याचे रंगही बघा: 2003 मध्ये कोलगेटनं अँकरविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून अंतरिम मनाई मिळवली होती, नावं तर अगदी वेगळी होती. आणि सगळ्यात जास्त विसरतात ती रील. लेबलवर नाव नसतं, पण विकणारा कॅमेऱ्यासमोर बोलून जातो. कलम 29(9) प्रमाणे तोंडानं उच्चारलेल्या नावानंही ट्रेडमार्कचा भंग होऊ शकतो.

गिऱ्हाईक स्वतःच मेसेजमध्ये विचारतं, "हे अमुकसारखं आहे का?" त्या गृहस्थांना मी उत्तर लिहून दिलं: "हे आमचं मिश्रण आहे. तुम्हाला त्यातलं काय आवडतं, सुरुवातीचं फळ की नंतरचा धूर? त्याप्रमाणे दोन मिलीची कुपी पाठवतो, लावून बघा." कुपीचे पैसे घ्यायचे की नाही, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही.