परिपाठातली तीन मिनिटं

आमच्या हायस्कूलात दर शनिवारी परिपाठात एका विद्यार्थ्याचं भाषण असतं आणि ते बसवून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. वेळ तीन मिनिटं. नववी-दहावीचं मूल माइकवर शांतपणे बोललं तर तेवढ्यात तीनशेच्या आसपास शब्द होतात. त्याहून जास्त लिहून आणलं की मुलं धावत सुटतात आणि मागच्या रांगांना नुसता आवाज ऐकू येतो.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारचा विषय होता ‘माणसाची पारख रूपावरून नको, चारित्र्यावरून हवी’. भाषण होतं नववीतल्या एका मुलीचं. हर्णै बंदरात तिच्या वडिलांची बोट आहे.

आदल्या आठवड्यात तिने चार पानं लिहून आणली. सुरुवातीला अब्राहम लिंकन. १८६० साली ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्यांना पत्र लिहून कळवलं होतं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवलीत तर बरे दिसाल. ही गोष्ट खरी आहे आणि मुलांना आवडतेही. पण लिंकनना मान द्यायला आज कुणाला काही मोजावं लागत नाही. त्यांचं मोठेपण आधीच सिद्ध झालंय, त्यामुळे ऐकणाऱ्या मुलाला स्वतःच्या वागण्यात तसूभरही बदल न करता टाळ्या वाजवता येतात.

पुढच्या पानावर एक वाक्य होतं: ‘माणूस रंगाने काळा असला तरी मनाने निर्मळ असू शकतो.’ या विषयावरच्या बहुतेक भाषणांत ते सापडतं आणि मला ते मनापासून खुपतं. मी तिला म्हटलं, “अगं, हे म्हणशील तेव्हा समोरची निम्मी मुलं सावळी असतील. काळेपणा हा दोष, पण मन चांगलं म्हणून माफ, असंच ऐकू जाईल ना त्यांना?” ती गप्प झाली आणि मग स्वतःच त्या ओळीवर काट मारली.

शेवटी होती बोधकथा. कुरूप भिकारी, सगळे त्याला हाकलतात, मग तो बुडणाऱ्या मुलाला वाचवतो आणि गाव त्याचे पाय धरतं. या कथेची अडचण अशी की त्या माणसाला मान मिळवण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागतो. देखण्या माणसाकडे ही अट कुणी ठेवत नाही. आणि एका धाडसाने चारित्र्य कळतं असंही नाही. ते कळतं रोजच्या, कुणी बघत नसतानाच्या वागण्यातून.

म्हणून मी तिला विचारलं, “तू स्वतः कुणाला आधी चुकीचं ओळखलंस आणि नंतर नीट ओळखलंस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, आमच्या बोटीवर एक खलाशी आहे. मला त्याची भीती वाटायची.”

गालावर दोर घासून झालेला लांब वण, पुढचे दोन दात नाहीत, डोळे कायम लाल. ती आईला म्हणायची की हा दारू पिऊन येतो. डोळ्यांचं खरं कारण तिला वडिलांनी पुढे सांगितलं: रात्रभर जाळं ओढायचं, झोप तुकड्या-तुकड्यांत, वर खारा वारा आणि डिझेलचा धूर. त्या माणसाने दारूला कधी हात लावलेला नाही.

“मग तो चांगला आहे हे कसं कळलं?” मी विचारलं.

तिने जे सांगितलं ते फार साधं होतं. लिलाव झाल्यावर कोळंबीच्या टोपल्या मोजल्या जात होत्या. व्यापाऱ्याच्या माणसाने वहीत एक टोपली जास्त लिहिली, म्हणजे फायदा बोटीचाच. या खलाशाने ती चूक दाखवून दिली. वडील थोडे वैतागलेही. पुढे एकदा मोजणी कमी लागली तेव्हा त्याने तितक्याच ठामपणे बोटीच्या बाजूने सांगितलं आणि व्यापाऱ्याने वाद न घालता मानलं. “आता तो असला की बाबा मोजायला उभेच राहत नाहीत,” ती म्हणाली. मग जरा अडखळून, “पण बाई, तो रागीट आहे. वाळत घातलेल्या जाळ्यावर आम्ही पाय दिला की ओरडतो. ते गाळू का?”

मी सांगितलं, अजिबात गाळू नकोस. राग काढून टाकलास की तो बोधकथेतला साधू होईल आणि बंदरावरच्या मुलांना ते लगेच कळेल.

एक गोष्ट मात्र विचार करून ठरवावी लागली. तो खलाशी नेपाळचा. आमच्या पट्ट्यात बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं आहेत आणि बागेतल्या एका राखणदाराचा मुलगा आमच्या सातवीत आहे. त्याला त्याच्या डोळ्यांवरून काय-काय नावं ठेवली जातात ते मला माहीत आहे. भाषणात ‘नेपाळी’ शब्द आला की मैदानावरची सगळी मुलं मान वळवून त्याच्याकडे बघणार. चांगल्या हेतूने का होईना, पुन्हा चेहऱ्यावरूनच. तिने ‘आमच्या बोटीवरचा एक खलाशी’ एवढंच ठेवलं. नावं ठेवणाऱ्या मुलांशी मी वर्गात वेगळी बोलले. ते काम भाषणावर सोडण्यासारखं नव्हतं.

तिला अजून एक शंका होती: “पहिल्यांदा बघितल्यावर मनात येतं त्याचं काय करायचं?” तेव्हा मी तिला एक प्रयोग सांगितला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी लोक ‘हा विश्वासू वाटतो की नाही’ ते ठरवून मोकळे होतात. जास्त वेळ दाखवला तर मत फारसं बदलत नाही, फक्त त्या मताची खात्री वाढते. म्हणजे चेहऱ्याकडे आणखी निरखून बघण्यात उपाय नाही. वेगळी माहिती लागते, आणि ती त्या माणसाच्या वागण्यातच असते. तिने हे आपल्या शब्दांत एका वाक्यात बसवलं: “मनात आलं ते मला थांबवता आलं नाही, पण ते आईला खरं म्हणून सांगितलं, ते मला थांबवता आलं असतं.”

शनिवारी पावसाने उघडीप दिली होती, त्यामुळे परिपाठ मैदानावरच झाला. टोपल्यांच्या मोजणीचा भाग आला तेव्हा कोळीवाड्यातली मुलं एकदम सावध होऊन ऐकू लागली. ही मोजणी त्यांनी रोज पाहिलेली. जाळ्यावरच्या ओरड्याला सगळे खळखळून हसले. आईला सांगितल्याचं वाक्य तिने हळू आवाजात म्हटलं आणि पुढे बोलण्याआधी क्षणभर थांबली. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं.

नंतर मुख्याध्यापक म्हणाले, “एकही थोर व्यक्ती नाही भाषणात?” मी कारण सांगितलं. त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. “बाई, मग वाईट माणूसपण दिसण्यावरून कळणार नाही?” नाहीच कळणार, मी म्हटलं. म्हणून ओळख नसलेल्या कुणाच्या गाडीवर बसायचं नाही. कपडे इस्त्रीचे असोत की मळके, नियम एकच. अनोळखी माणसाशी सावध राहणं वेगळं आणि त्याला वाईट ठरवणं वेगळं, हेही सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे सावध सगळ्यांशीच राहायचं, पण नाव कुणालाच ठेवायचं नाही.”

पुढच्या शनिवारचं भाषण मी त्यालाच दिलं, आणि विषय त्याचाच प्रश्न.