पीपीटीतल्या दोन स्लाइड आणि हेडसरांना पत्र

«ट्रेनिंगहून आल्यावर तुम्ही हेडसरांना पत्र लिहिता म्हणे. एवढी मोठी पीपीटी असते, त्यातलं नेमकं काय लिहायचं? आणि त्यानं शाळेत काही बदलतं का?»

तुम्ही विचारलंत म्हणून मागच्याच पत्राबद्दल सांगते. कार्यशाळा प्राथमिक वर्गांच्या वाचनावर होती. सुलभकांनी शेवटी पीपीटी ग्रुपवर टाकली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी ती पुढे पाठवली. पीपीटीचा पहिला मोठा भाग धोरणाचा होता: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, जुलै २०२१मध्ये सुरू झालेलं निपुण भारत, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे हे उद्दिष्ट. हे सगळं मी पत्रातून वगळलं. हेडसरांच्या टेबलावर त्याची परिपत्रकं आधीच पडलेली असतात, त्यांना ती पुन्हा सांगायची गरज नसते.

पुढे वाचनाचे पाच घटक होते: ध्वनींची जाण, अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध, वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. पाचांवर पाच परिच्छेद लिहिले असते तर पत्राचा अहवाल झाला असता आणि अहवाल फाइलला लागतो. म्हणून मी दोनच स्लाइड घेतल्या. एकीवर एका मिनिटाच्या प्रकट वाचनाची तपासणी होती आणि दुसरीवर चुकांवरून गट कसे करायचे ते. या दोन्हींसाठी आमच्या शाळेत काही खरेदी करावी लागणार नव्हती, आणि दोन्हींना हेडसरांची परवानगी लागणार होती. पत्र लिहायचं कारणच ते. जे माझ्या वर्गात मी कुणाला न विचारता करू शकते, त्यासाठी पत्र कशाला?

पत्राची सुरुवात नेहमीसारखी: दिनांक, प्रति, विषय, संदर्भ. विषयाच्या ओळीत मात्र «कार्यशाळेचा अहवाल» असं लिहिलं नाही. «इयत्ता तिसरीतील प्रकट वाचनाची तपासणी व त्यानुसार गट करण्यास परवानगी मिळणेबाबत» असं लिहिलं. वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की आपल्याकडे काय मागितलंय.

त्यानंतर तपासणीची पद्धत, कार्यशाळेला न गेलेल्या माणसालाही उद्या करता येईल इतकी सोपी करून लिहिली. मुलांनी आधी न वाचलेला उतारा घ्यायचा. एक प्रत मुलापुढे, एक शिक्षकाकडे, हातात घड्याळ. मूल वाचायला लागलं की वेळ सुरू. चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीनं रेघ मारायची. गाळलेला शब्द ही चूक. मूल एका शब्दावर तीन सेकंद अडलं की आपण तो शब्द सांगायचा, तीही चूक धरायची. मुलानं आपणहून लगेच दुरुस्त केलं तर ते बरोबर, आणि तोच शब्द दोनदा म्हटला तर चूक नाही. मिनिट झालं की मूल पोचलं त्या शब्दावर खूण करायची. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा केले की बरोबर वाचलेल्या शब्दांचा आकडा मिळतो. निपुणच्या उद्दिष्टात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द आहेत, तेही अर्थ समजून.

बहुतेक शाळांत काम इथेच थांबतं. आकडा रजिस्टरात जातो, ६०च्या खालच्यांपुढे «सराव आवश्यक» असा शेरा पडतो आणि संपलं. मला पत्रात हेच सांगायचं होतं की आकडा ही सुरुवात आहे. म्हणून आमच्याच तिसरीतली दोन मुलं मी पत्रात मांडली, नावं न देता.

एका मुलीनं मिनिटात ४८ शब्द वाचले, त्यांतले ११ चुकले. म्हणजे ३७ बरोबर. एका मुलानं ३८ वाचले आणि एकच चुकला. तोही ३७. रजिस्टरात दोघंही एकाच गटात बसतात. आता रेघा मारलेली प्रत बघा. मुलगी भरभर वाचत होती, पण पेरूचा परू, मोठाचा माठा, खेळतोचा खळतो करत होती. तिच्या बहुतेक चुका मात्रेच्या, त्यातही एक मात्रा आणि काना-मात्रा यांच्याच. पहिलं अक्षर दिसलं की बाकीचा शब्द ती अंदाजानं म्हणून मोकळी होत होती. मुलगा प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत होता. झा-डा-खा-ली असं तोडून वाचायचं, मग अख्खा शब्द पुन्हा म्हणायचा. त्याला अक्षरं आणि मात्रा पक्क्या येत होत्या, शब्द एका नजरेत येत नव्हता.

या दोघांना सारखाच सराव दिला तर दोघांचाही वेळ वाया जातो. मुलीला जास्त वाचायला लावलं की ती अंदाजच पक्का करते. तिला माती-मोती, वाल-वेल, चार-चोर अशा जोड्या हव्यात, ज्यांत मात्रा बदलली की अर्थ बदलतो आणि अंदाज चालत नाही. मुलाला मात्रांची कार्डं देण्यात अर्थ नाही. त्याला पाच-सहा ओळींचा उतारा आधी शिक्षकानं वाचून दाखवायचा, मग त्यानं तोच उतारा जोडीदारासोबत तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचायचा. उतारा कुणाला जड जातोय हेही याच प्रतीवरून कळतं: वाचलेल्या शंभर शब्दांत बरोबर शब्द नव्वदच्या खाली गेले तर तो उतारा त्या मुलाच्या सरावाला घ्यायचा नाही. ४८ पैकी ३७ म्हणजे शंभरात सत्याहत्तर. त्या मुलीला सोपा उतारा हवा होता, हे तिच्या वेगाकडे बघून कुणालाच कळलं नसतं.

पीपीटीत नसलेल्या दोन गोष्टी मी पत्रात घातल्या, कारण शाळा सोलापुरातली आहे. आमची शाळा पूर्व भागात. निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. यातलं एखादं मूल «घर» वाचताना «गर» म्हणतं, «भात»चा «बात» करतं. तपासणाऱ्याची पेन्सिल लगेच उठते. पण त्याला विचारा, भात कशाबरोबर खातोस, तो सांबार म्हणेल. शब्द त्यानं बरोबर वाचलाय, उच्चाराला घरचं वळण आहे. असे शब्द चुकीत धरायचे नाहीत, आणि शंका आली तर अर्थ विचारून बघायचं, असं मी स्पष्ट लिहिलं. तसं केलं नाही तर वाचता येणारी मुलं मागच्या गटात पडतात आणि ज्या अक्षरांची त्यांना काही अडचण नाही तीच अक्षरं महिनाभर गिरवत बसतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांचंही तेच. मुलानं तेलुगूत उत्तर दिलं तरी समजलं की नाही हे तपासायचं, मराठी बोलण्याची तपासणी वेगळी. वर्गावरच्या शिक्षकाला तेलुगू येत नसेल तर पोषण आहाराच्या मावशींना विचारता येईल असं सुचवलं. त्या रोज मुलांशी बोलतातच.

दुसरी गोष्ट शब्द मोजण्याची. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. «शाळेसमोरच्या झाडाखाली पेरूवाला बसतो» हे वाक्य मोजताना चार शब्दांचं भरतं, पण त्यात सतरा अक्षरं वाचावी लागतात. «राम घरी आला» हे तीन शब्दांचं, अक्षरं सहाच. म्हणून एका उताऱ्यावरचा आकडा दुसऱ्या उताऱ्यावरच्या आकड्याशी सरळ ताडून बघू नये. जुलैचा आणि फेब्रुवारीचा उतारा सारख्याच घडणीचा असायला हवा: वाक्यांची लांबी, जोडाक्षरं, जोडून आलेले लांब शब्द, सगळं जवळपास तेवढंच. हे पाळलं नाही तर मुलं पुढे गेल्याचं किंवा मागे पडल्याचं जे दिसेल ते उताऱ्यामुळे दिसेल. कार्यशाळेत हा मुद्दा कुणी काढला नव्हता, तरी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मग मागणी. हेडसर कुठल्याही प्रस्तावावर तीनच गोष्टी विचारतात: वेळ कुठून, नोंदी किती, खर्च कोण करणार. म्हणून त्याच क्रमानं उत्तरं लिहिली. तिसरीत ३६ मुलं. मूल येऊन बसणं, वाचणं, दोन प्रश्न, मिळून तीन मिनिटं. परिपाठाच्या वेळात रोज चार मुलं घेतली तर नऊ दिवसांत वर्ग पूर्ण होतो. नोंद म्हणजे वर्गाचा एकच कागद: मुलाचं नाव, वाचलेले शब्द, चुकलेले शब्द, चुकीचा प्रकार. नवं रजिस्टर नाही. खर्च फक्त उताऱ्याच्या झेरॉक्सचा. शेवटची तपासणी फेब्रुवारीतच उरकावी असंही लिहिलं. मार्चपासून उन्हामुळे शाळा सकाळची होते, परिपाठ आखडतो, आणि उकाड्यानं गळलेल्या मुलांचा आकडा घेऊन काही कळत नाही.

दुसरी मागणी जरा मोठी होती. दुसरी आणि तिसरीची मराठीची तासिका आठवड्यातून दोनदा एकाच वेळी ठेवावी, म्हणजे दोन्ही वर्गांतली मात्रांवर अडणारी मुलं एका शिक्षकाकडे आणि तोडून वाचणारी दुसऱ्याकडे बसवता येतील.

सरांनी पत्र ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. तपासणीला तिथेच होकार दिला, पण फक्त तिसरीसाठी आणि एका सत्रापुरता. एकत्र तासिकेला नाही म्हणाले. «मॅडम, दुसरीच्या शिक्षकांकडे पोषण आहाराचा हिशोब आहे. त्या वेळेला त्यांना वर्ग सोडावा लागतो. दोन वर्ग तुमच्या एकटीवर पडतील.» हे खरंच होतं. मग त्यांनीच सुचवलं, की बुधवारी आणि शनिवारी तिसरीतच गट करा. चौथीची चांगली वाचणारी मुलं जोडीदार म्हणून देतो, त्यांच्या वर्गशिक्षकांशी मी बोलतो.

तसं सुरू झालं. मात्रांचा गट माझ्यासमोर जमिनीवर बसतो, तोडून वाचणारी मुलं व्हरांड्यात चौथीच्या मुलांशेजारी. एक गोष्ट लगेच दिसली: चौथीची मुलं मदत म्हणून अख्खा शब्दच सांगून टाकतात. म्हणून त्यांना आधी मनात तीन आकडे मोजायला शिकवलं. त्या मुलीची मात्रा आता क्वचित चुकते, वेग मात्र कमी झालाय, कारण ती शब्दाकडे नीट बघून वाचते. जुळणाऱ्या घडणीच्या दुसऱ्या उताऱ्यावर ती ४१ शब्दांपर्यंत गेली आणि ३ चुकले, म्हणजे ३८ बरोबर. रजिस्टर म्हणेल एकाच शब्दाची प्रगती. सरांना मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवल्या, ११ रेघांची आणि ३ रेघांची. त्यांनी त्या दोन्ही प्रती केंद्राच्या शिक्षण परिषदेला न्यायला मागून घेतल्या, आणि दुसरीच्या तासिकेचं वेळापत्रक दिवाळीनंतर पुन्हा बघू म्हणाले. पोषण आहाराचा हिशोब मधल्या सुट्टीनंतर लिहिता येतो का, हे दुसरीच्या सरांना विचारून त्यावरचं पत्र मी तयार करते आहे.